कोडिसिल जे शब्द बदलायला सांगतं तेच इंग्रजी मृत्युपत्रात सापडत नाहीत: असं का होतं आणि कसं दुरुस्त करायचं

नाशिकला सीबीएसजवळ कोर्टाच्या आसपास मराठी कागदांचं इंग्रजी करून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतेय, आणि मृत्युपत्रांच्या बाबतीत एकच तक्रार फिरून फिरून येते. मृत्युपत्राचं भाषांतर एकाने केलेलं असतं, पुरवणी मृत्युपत्राचं म्हणजे कोडिसिलचं दुसऱ्याने, कधीकधी दोन्ही एकाच माणसाने पण मधे तीन-चार वर्षं गेलेली, आणि मग परदेशातला वकील विचारतो की बाबा कोडिसिल म्हणतंय अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द वाचा, पण ते अमुक शब्द मृत्युपत्रात आहेत कुठे? मराठीत बघितलं तर सगळं जागच्या जागी असतं, गोंधळ फक्त इंग्रजीत असतो.

गेल्या पावसाळ्यात गंगापूर रोडच्या एक काकू आणि त्यांची मुलगी असंच एक प्रकरण घेऊन आल्या होत्या. त्यांची परवानगी घेऊनच लिहितेय, नावं गाळलीत आणि थोडे तपशील बदललेत. काकांनी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये नोकरी केली होती, तिथल्या बँकेत रक्कम होती, बाकी घर नाशिकला आणि जमीन निफाड तालुक्यात. मृत्युपत्र २००९ चं, हाताने लिहिलेलं, चार पानी. कोडिसिल २०१६ चं, एक पान. तिकडच्या सॉलिसिटरने दोन्हींची इंग्रजी भाषांतरं प्रश्न लिहून परत पाठवली होती.

मूळ मृत्युपत्रात पान २ वर चौथा परिच्छेद असा होता: "राहते घर माझे पश्चात माझे पत्नीने तहहयात वापरावे व तिचे पश्चात ते माझे थोरले मुलास मिळावे मात्र त्याने माझे मुलीस तिचे लग्न होईपावेतो सदर घरात राहू द्यावे." आणि कोडिसिलमध्ये: "मूळ मृत्युपत्राचे पान २ वरील चौथे परिच्छेदातील 'लग्न होईपावेतो' याऐवजी 'लग्न होईपावेतो अगर लग्न न झाल्यास तहहयात' असे वाचावे." पुढे नातवासाठी एक वाक्य, आणि शेवटी "बाकी मजकूर कायम".

आता इंग्रजी बघा. मृत्युपत्राच्या भाषांतरात होतं "अनटिल हर मॅरेज". कोडिसिलच्या भाषांतरात होतं की "टिल शी गेट्स मॅरिड" या शब्दांऐवजी असं वाचावं. दोन्ही भाषांतरं एकेकटी बघितली तर बरोबरच आहेत, कोणी चूक काढणार नाही. पण कोडिसिल इथे अर्थ सांगत नाहीये, ते शब्द उचलून शब्द ठेवतंय, आणि जे उचलायचे ते शब्दच इंग्रजी मृत्युपत्रात नाहीत. फक्त इंग्रजी वाचणाऱ्या माणसाला वाटणार की कोडिसिल दुसऱ्याच कुठल्यातरी मृत्युपत्राबद्दल बोलतंय, किंवा मधे अजून एखादं मृत्युपत्र झालंय जे घरच्यांनी दाखवलेलं नाही. सॉलिसिटरने अगदी हेच विचारलं होतं आणि काकू त्यामुळे घाबरून गेल्या होत्या, घरात भांडण नाही काही नाही आणि कागद लपवल्याचा संशय.

यावर मी जे करते ते सांगते. मृत्युपत्र पहिलं आणि कोडिसिल नंतर हा क्रम लिहिणाऱ्याचा, भाषांतराला मी उलटी सुरुवात करते. आधी कोडिसिल घ्यायचं, त्यात मृत्युपत्रातले जे शब्द जसेच्या तसे उचललेत ते सगळे पेन्सिलने गोल करायचे, मग मृत्युपत्रात जाऊन ते शब्द कुठे कुठे आलेत ते शोधायचं. त्या शब्दांचं इंग्रजी आधी पक्कं करायचं, एका वहीत लिहून ठेवायचं, मराठी एका बाजूला इंग्रजी दुसऱ्या बाजूला आणि पुढे कुठल्या कागदाच्या कुठल्या पानावर कितव्या ओळीत. चार पानांच्या मृत्युपत्राला अशा पंधरा-वीस ओळी होतात, फार नाही. त्यानंतर त्या वहीतलं इंग्रजी दोन्ही कागदांत अक्षरशः तेच जायला पाहिजे, स्वल्पविरामासकट. शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की तोच शब्द परत परत वापरू नये, इथे तोच वापरायचा, पन्नास वेळा आला तरी तोच.

आणि शोधताना तो शब्द दुसरीकडे पण सापडला तर ते महत्त्वाचं आहे. या मृत्युपत्रात "लग्न होईपावेतो" पान ३ वर पण होतं, मुलीचे दागिने लग्न होईपावेतो काकूंच्या ताब्यात राहावेत असं. कोडिसिलने बदल फक्त पान २ चौथ्या परिच्छेदाला केलाय, दागिन्यांना नाही. म्हणजे पान नंबर हा सुद्धा मजकुराचा भाग झाला. पहिल्या भाषांतरात टाइप करताना पानं बदलली, मूळचं पान २ इंग्रजीत पान ३ वर गेलं, आणि योगायोगाने इंग्रजी पान ३ वर दागिने आणि घर दोन्ही आले. एका भाषांतरकाराने मदत म्हणून कोडिसिलमधलं "पान २" बदलून "पान ३" केलं होतं. हे कधीच करू नका. कोडिसिल पान २ म्हणतं तर इंग्रजीतही पान २ च म्हणणार, आणि मृत्युपत्राच्या इंग्रजीत जिथे जिथे मूळचं पान संपतं तिथे चौकोनी कंसात लिहायचं की मूळचं पान २ इथून सुरू. परिच्छेद सुद्धा मूळ जसे पाडलेत तसेच ठेवायचे. मूळचा परिच्छेद अर्धं पान लांब असला तरी तोडायचा नाही, आणि मूळमध्ये नंबर नसतील तर आपण घालायचे नाहीत.

याच्याच जोडीला लोक सांगतात की दोन्ही एकत्र करून एकच फायनल मृत्युपत्र इंग्रजीत करून द्या ना, तिकडच्यांना सोपं जाईल. नाही करायचं. इंडियन सक्सेशन अ‍ॅक्ट, १९२५ मध्ये कोडिसिलची व्याख्याच अशी आहे की ते मृत्युपत्रातली व्यवस्था समजावतं, बदलतं किंवा त्यात भर घालतं आणि मृत्युपत्राचाच भाग समजलं जातं. पण भाग कसा बसवायचा हे ठरवणं कोर्टाचं आणि वकिलाचं काम. जो एकत्र केलेला कागद तुम्ही तयार कराल त्यावर काकांची सही नाही, साक्षीदारांची नाही, असा कागद कधी अस्तित्वातच नव्हता.

आता त्या बदललेल्या शब्दांकडे येते, कारण तिथे दुसरा मोठा घोटाळा होता. "लग्न होईपावेतो अगर लग्न न झाल्यास तहहयात." यातल्या "अगर"चं पहिल्या भाषांतरात "इफ" केलं होतं. हिंदी सिनेमे, हिंदी बातम्या ऐकून आपल्या कानाला अगर म्हणजे जर असंच वाटतं, पण मराठी दस्तात अगर म्हणजे किंवा. खरेदीखतात "मी अगर माझे वारस" असतं तो हाच अगर. इफ केल्यामुळे इंग्रजी वाक्य असं झालं की मुलीने लग्नापर्यंत राहायचं ते सुद्धा ती अविवाहित असेल तर, आणि शेवटचा "फॉर लाइफ" नुसताच लोंबकळत राहिला, कशाला जोडायचा कळेना. बरोबर केलं की दोन सरळ पर्याय होतात: "अनटिल हर मॅरेज ऑर, इफ शी डझ नॉट मॅरी, फॉर हर लाइफटाइम". एका शब्दाने मुलीचा आयुष्यभराचा आसरा जात होता. तुमच्याकडचा कागद जुन्या वळणाचा असेल तर अगर, व, वा, अथवा, सबब, परंतु, मात्र हे सगळे छोटे शब्द आधी एकदा वेगळे काढून तपासा, जमिनीचे गट नंबर सगळेच तपासतात, चूक बहुतेक वेळा या छोट्या शब्दांत असते.

मुलगी मला म्हणाली, "ताई, लग्न होऊन मी परत माहेरी आले तर? बाबांच्या मनात ते पण होतं, तसं लिहिता येईल का?" मला तिचं म्हणणं अगदी पटत होतं, तरी मी नाही म्हटलं. कागदात लग्न न झाल्यास एवढंच आहे. मनातलं होतं ते वकिलाला सांगायचं, भाषांतरात घालायचं नाही.

नातवाचं वाक्य असं होतं: "इंग्लंडमधील बँकेतील रकमेपैकी पाव हिस्सा नातवाने वयाची २५ वर्षे पूर्ण केल्यावर त्यास द्यावा." पहिल्या भाषांतरात होतं की नातवाने पंचविसाव्या वर्षात प्रवेश केला तर त्याला पाव हिस्सा. एका वाक्यात दोन चुका. २५ वर्षे पूर्ण म्हणजे पंचविसावा वाढदिवस. पंचविसावं वर्ष लागलं म्हणजे चोविसावा वाढदिवस. पूर्ण एक वर्षाचा फरक, आणि मराठीत आपण दोन्ही बोलतो म्हणून घाईत एकाचं दुसरं होतं.

दुसरी चूक जास्त खोल आहे. केल्यावर आणि केल्यास. केल्यावर म्हणजे "ऑन कम्प्लीटिंग", केल्यास म्हणजे "इफ". बोलताना फारसा फरक वाटत नाही, मृत्युपत्रात खूप असतो. समजा नातू दुर्दैवाने तेविसाव्या वर्षीच गेला. रक्कम त्याचीच होती आणि फक्त हातात द्यायची वेळ पुढे ढकलली होती, असं असेल तर ती त्याच्या वारसांकडे जाते. पण २५ पूर्ण करणं हीच मिळण्याची अट असेल तर त्याला ती कधी मिळालीच नव्हती, वारसांना पण नाही. आपल्याकडे हा भेद सक्सेशन अ‍ॅक्टच्या कलम ११९ आणि १२० मध्ये आहे, पहिलं लांबणीवर टाकलेल्या देण्याबद्दल आणि दुसरं अनिश्चित घटनेवर अवलंबून असलेल्या देण्याबद्दल. "केल्यावर" लिहिलं म्हणून आपोआप पहिलंच होतं असं मी म्हणत नाहीये, संपूर्ण मृत्युपत्र वाचून कोर्ट ठरवेल. पण "केल्यावर"चं "इफ" करून आपणच निकाल देऊन टाकला तर कोर्टापुढे प्रश्न जाणारच नाही. म्हणून मी तपासताना प्रत्येक अटीचं क्रियापद अधोरेखित करते आणि त्याचं शेपूट बघते, ल्यास आहे, ल्यावर आहे, पावेतो आहे का असताना आहे. इंग्रजीतलं शेपूट त्याच्या शेजारी लिहिते. दोन वेगळ्या मराठी शेपटांना एकच इंग्रजी शब्द आला की थांबायचं.

क्रियापदांच्या शेपटांवरून आठवलं, वापरावे, मिळावे, राहू द्यावे, यातल्या "वे"चं काय करायचं हा प्रश्न कायम येतो. आपल्या मृत्युपत्रांत देणं सुद्धा "वे" ने आणि आज्ञा सुद्धा "वे" ने. कोणी त्याचं "शुड" करतं. मुलाने बहिणीला राहू द्यावे याचं "शुड अलाउ" झालं की इंग्रजी वाचणाऱ्याला तो वडिलांचा सल्ला वाटतो, पाळला तर पाळला. वाटणीच्या वाक्यात "शॅल" हेच धरायचं. मात्र मूळमध्येच "अशी माझी इच्छा आहे" लिहिलं असेल तर तिथे इच्छाच ठेवायची, तिचा हुकूम करायचा नाही. आणि मिळावे एवढंच असताना इंग्रजी नमुन्यातून उचलून "गिव्ह, डिव्हाइज अँड बिक्वीथ" असं भारदस्त घालू नका, डिव्हाइज जमीनजुमल्याला आणि बिक्वीथ जंगम मालमत्तेला असा जुना भेद तिकडे आहे, तो मराठी "मिळावे"त नाहीये. मृत्युपत्रात ठरावीक कायदेशीर शब्द लागत नाहीत असं आपल्या कायद्याच्या कलम ७४ मध्येच आहे, त्यामुळे साध्या शब्दांचं साधंच भाषांतर करा.

या प्रकरणातला शेवटचा गुंता पान ३ वर होता. "निफाड येथील जमीन व इंग्लंडमधील बँकेतील रक्कम मुलांना समान मिळावी." काकांना दोन मुलगे, एक मुलगी. पहिल्या भाषांतरात मुलांना म्हणजे "सन्स". मुलगी मिटिंगमध्ये काही बोलली नाही, पण तिने त्या ओळीवर बोट ठेवलेलं मला दिसलं. मराठीत हा शब्द खरंच दोन्ही बाजूंना झुकतो, मुलगाचं अनेकवचन आपण बोलताना मुलं करतो आणि मूलचं पण मुलंच, मुलांना म्हटल्यावर तर काहीच कळत नाही. इथे अंदाज करायचा नाही, त्याच कागदात पुरावा शोधायचा. पान १ वर सापडला: "मला दोन मुलगे व एक मुलगी अशी तीन मुले आहेत." म्हणजे हा लिहिणारा मुलगे आणि मुले हे शब्द वेगळे वापरतो, आणि त्याच्या हिशोबात मुले तीन. तेव्हा "चिल्ड्रन". पान १ ला सुद्धा सन्स, डॉटर, चिल्ड्रन असे तिन्ही शब्द वेगवेगळेच ठेवले म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्याला ते स्वतःला जुळवता येतं. असा पुरावा नसता तर मी "मुलांना" हा शब्द इंग्रजी लिपीत तसाच ठेवून खाली माझ्या सहीची टीप दिली असती की याचे दोन अर्थ होतात. नात्यांच्या बाबतीत हेच, पुतण्या आणि भाचा दोघांचं नुसतं "नेफ्यू" करू नका, भावाचा मुलगा आणि बहिणीचा मुलगा असं फोड करून लिहा. आणि निफाडच्या जमिनीच्या क्षेत्रात "आर" होता त्याचं कोणीतरी "एकर" केलं होतं. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, अंदाजे एक गुंठा, आणि एकरात चाळीस गुंठे. सातबारा शेजारी ठेवूनच आकडे टाइप करा.

त्याच ओळीत "समान" हा शब्द वर काकपद करून मागाहून घातलेला होता, बाजूला सही नाही. इंग्रजीत तो साधेपणाने ओळीत बसवला होता जणू पहिल्यापासून तिथेच होता. मृत्युपत्र झाल्यावर केलेली खाडाखोड किंवा भर सही-साक्षीशिवाय धरली जात नाही असा कलम ७१ चा सर्वसाधारण नियम आहे, म्हणून ती दिसायलाच हवी. चौकोनी कंसात लिहायचं की हा शब्द ओळीच्या वर घातलेला, बाजूला सही नाही. खोडलेला शब्द वाचता येत असेल तर तोही द्यायचा आणि खोडलेला असं लिहायचं. अंगठा, शिक्का, साक्षीदारांच्या सह्यांची जागा, सगळ्याचं असंच वर्णन. काकू म्हणाल्या, "अगं ते ह्यांनीच माझ्यासमोर घातलं, लिहितानाच." असेलही, आणि तसं असेल तर ते साक्षीदार सांगतील, पण मी कागदावर दिसतं तेवढंच लिहू शकते.

सगळं झाल्यावर मी एक तपासणी करते. मूळ कागद न बघितलेल्या, पण दोन्ही भाषा चांगल्या येणाऱ्या माणसाला फक्त अटींची इंग्रजी वाक्यं देते आणि मराठीत तोंडी सांगायला लावते. इथे माझ्या वहिनींना दिली. त्यांनी घराचं वाक्य सांगितलं, नातवाचं सांगितलं, आणि जमिनीच्या वाक्याला विचारलं, "तिघांना ना?" तेव्हा मी सही केली.

सहीच्या मजकुराबद्दल. इंडियातच प्रोबेटला, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून शाबीत करून घ्यायला, लावायचं असेल आणि मृत्युपत्र इंग्रजीत किंवा कोर्टाच्या भाषेत नसेल तर कलम २७७ बघा. कोर्टाचा नेमलेला ट्रान्सलेटर असेल तर भाषांतर त्याने करायचं, नसेल तर सक्षम माणसाने, आणि त्याने जाहीर करायचं की मूळची भाषा आणि लिपी मी वाचते व पूर्णपणे समजते आणि वरचं भाषांतर खरं व अचूक आहे. लिपी हा शब्द वाचा. आजोबा-पणजोबांचं मृत्युपत्र मोडीत असेल आणि मोडी दुसऱ्या कोणी वाचून देवनागरीत दिली असेल तर तुम्ही हे जाहीर करू शकत नाही, मोडी वाचणाऱ्याची वेगळी सही लागेल. परदेशात द्यायचं असेल तर तिकडच्या वकिलाकडून त्यांचा सर्टिफिकेटचा मजकूर आधी मागवून घ्या.

आणि दोन्ही भाषांतरं एकाच सर्टिफिकेटखाली द्या, जुन्या मृत्युपत्राचं भाषांतर आधीच सर्टिफाइड असलं तरी ते परत करा, त्याला नवीन कोडिसिल शिवू नका. काकूंचं आम्ही पूर्ण नव्याने केलं, आठ दिवस गेले, मूळच्या रंगीत स्कॅनवर पान नंबर टाकून सोबत जोडले. सॉलिसिटरचा पुढचा मेल आला त्यात शब्दांबद्दल काही नव्हतं, "समान" शब्द कधी घातला त्याबद्दल साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र मागितलं होतं. दोनपैकी एक साक्षीदार हयात आहेत, पंचवटीत राहतात, काकू दुसऱ्या दिवशीच त्यांच्याकडे गेल्या.